सोयाबीन प्रक्रिया कारखान्यास द्यावयाचे विक्रीपत्र

प्रश्न : आमच्या गटाकडे साधारण ६०० क्विंटल सोयाबीन आहे. तेल कारखान्याला थेट विकायचे आहे. पत्रात माल, प्रत आणि दर कसे लिहावेत?

उत्तर : सर्वप्रथम ओलावा मोजावा, कारण विक्रीयोग्य वजन त्यावरच ठरते. कारखाने सहसा १०-२-२ या अटीवर, म्हणजे ओलावा १० टक्के, माती-काडी २ टक्के आणि डागी दाणे २ टक्के, या प्रमाणावर खरेदी करतात. आपल्या मालात सरासरी १३ टक्के ओलावा आहे असे धरल्यास ६०० क्विंटलमधील कोरडा भाग ५२२ क्विंटल होतो आणि १० टक्के ओलाव्यावर त्याचे वजन ५८० क्विंटलच भरते. चाळणीत क्विंटलमागे दोन किलो माती-काडी निघाल्यास सुमारे ५६८ क्विंटल उरतात. म्हणून पत्रात ६०० नव्हे, तर ५५० क्विंटल असे लिहावे. कबूल केलेला माल कमी पडणे हे थोडा माल शिल्लक राहण्यापेक्षा गटाला अधिक महागात पडते.

सभासदांचा सगळा माल एकत्र ओतू नये. काढणीच्या वेळी पावसात सापडलेल्या शेतातील डागी दाणे चांगल्या मालात मिसळले, तर ट्रकमधून काढलेल्या नमुन्यात डागाचे प्रमाण २ टक्क्यांच्या वर जाते आणि कपात संपूर्ण ट्रकवर बसते. असा माल वेगळ्या पोत्यांत ठेवून पत्रात दुसरी प्रत म्हणून त्याचा स्वतंत्र दर मागावा, आणि प्रत्येक प्रतीपुढे मोजलेला ओलावा, माती-काडी व डाग यांचे आकडे लिहावेत. ‘उत्तम प्रतीचा माल’ एवढ्याने खरेदीदारास काहीच कळत नाही.

दराचा मजकूर सर्वांत काळजीपूर्वक लिहावा. दर गोदामावरचा की कारखान्यात पोहोच, तसेच बारदाना, हमाली आणि भाडे कोणाकडे, हे स्पष्ट असावे. १० टक्क्यांवरील प्रत्येक टक्क्याला एक किलो प्रति क्विंटल अशी कपात असेल, तर ती मान्य करण्यास हरकत नाही, कारण ११ टक्क्यांचा माल आपण स्वतः वाळवून १० वर आणल्यास क्विंटलमागे एक किलोहून किंचित जास्तच वजन घटते. मात्र १२ टक्क्यांच्या पुढे कपातीचे प्रमाण वाढू शकते किंवा माल परत येऊ शकतो, त्यामुळे त्याआधी वाळवणे भाग आहे.

नमुना कारखान्याच्या दारात काढला जातो आणि वाद तिथेच होतात. म्हणून नमुना काढताना गटाचा प्रतिनिधी हजर राहील, त्याच नमुन्याचा एक भाग दोघांच्या सहीने सीलबंद ठेवला जाईल, आणि वजनकाट्याची पावती व रक्कम किती दिवसांत मिळेल, या तीन बाबी पत्रातच घालाव्यात व खरेदीदाराची लेखी संमती आल्यावरच पहिला ट्रक भरावा.