अपठित कविता, पेन्सिलीच्या खुणा आणि घड्याळ

"ताई, अनसीन कविता आली की माझं डोकंच बंद पडतं. क्लासमध्ये दिलेली २२ पॉइंटची चेकलिस्ट माझी तोंडपाठ आहे, अलंकार, रस, वृत्त, प्रतिमा, प्रतीक सगळं. पेपरात मी सगळीकडे अंडरलाइन करते, बाजूला लिहिते आणि बघते तर अर्धा वेळ गेलेला असतो आणि उत्तराचं पहिलं वाक्य सुद्धा सुचत नाही. चेकलिस्ट कमी पडतेय की माझा स्पीड?"

तुझा मेसेज वाचला आणि मला लगेच एक मुलगी आठवली, अगदी हाच प्रश्न घेऊन आली होती (ओळख कळेल असं काही इथे लिहीत नाही). तिचा स्पीड चांगला होता. पाठांतर पण चांगलं होतं. गडबड चेकलिस्टच्या जातीत होती. तिची यादी "कवितेत काय काय असू शकतं" याची होती, आणि परीक्षेत पाहिजे असते "आता मी काय करू" याची यादी. पहिल्या प्रकारची यादी घेऊन बसलं की प्रत्येक पॉइंट कवितेत शोधावासा वाटतो, सापडला की टिक करावीशी वाटते, आणि नाही सापडला तर अजून शोधत बसतो आपण. वेळ तिथे जातो, वाचण्यात जातच नाही.

मी तिला एक छोटी कविता दिली, सरावासाठी मीच लिहिलेली, म्हणजे आधी कुठे वाचली असण्याचा प्रश्नच नाही. तू पण आधी एकदा नुसती वाच, पेन्सिल न घेता.

१ भिंतीला टेकून उभी असते शिडी,
२ कुणाच्या नजरेत न भरणारी.
३ तिच्या अंगावर पाय ठेवून
४ सगळे वर गेले, वरचेच झाले.
५ कुणी मागे वळून बोललं नाही.
६ पण ओढ्याला पाणी चढलं की
७ तीच शिडी आडवी होते दोन काठांवर,
८ आणि तेव्हा मात्र सगळे
९ तिचा हात शोधतात.

तिने काय केलं सांगते. पहिल्याच वाचनात पेन्सिल हातात. "शिडी" खाली रेघ, बाजूला लिहिलं "प्रतीक = आई". मग "अंगावर" खाली रेघ, "चेतनगुणोक्ती". "वर, वरचेच" खाली रेघ, "पुनरुक्ती". "यमक नाही, मुक्तछंद". "करुण रस?" असं करत करत नऊच्या नऊ ओळींना काहीतरी लागलं होतं. मग मी कविता झाकली आणि म्हटलं, आता फक्त तुझ्या बाजूच्या नोंदी बघून या कवितेबद्दल तीन वाक्यं सांग. तिने सांगितलं, "कवितेत चेतनगुणोक्ती आहे. शिडी हे आईचं प्रतीक आहे. कविता मुक्तछंदात आहे." बस. कवितेत नेमकं घडतं काय हे यात कुठेच नाही, आणि "आई" तर कवितेतल्या एकाही शब्दावरून आलेली नव्हती, ती सवयीने आली होती. हे झाकून बघणं तू घरी नक्की कर, कारण खुणा कामाच्या आहेत की नाही हे त्यात लगेच कळतं. नोंदीतून वाक्य बनत नसेल तर ती नुसती सजावट.

मग आम्ही तिची यादी बाजूला ठेवून नवीन केली, आणि ती घड्याळाला बांधली. समजा या प्रश्नाला एकूण ४० मिनिटं मिळतात, तर वाचन आणि खुणा मिळून १० मिनिटं, म्हणजे साधारण पाव वेळ, त्याच्या वर जायचं नाही. एकूण २० मिनिटंच असतील तर ५.

पहिली २ मिनिटं: आधी प्रश्न वाचायचा, मग कविता. प्रश्नात काय मागितलंय त्या शब्दाला गोल करायचा, "भावना" विचारलीय की "प्रतिमा" की "शेवट कसा वाटतो", कारण नंतर कुठल्या खुणा ठेवायच्या हे त्यावरच ठरतं. मग कविता पूर्ण वाचायची आणि या वाचनात एकच खूण अलाउड आहे, न कळलेल्या ठिकाणी प्रश्नचिन्ह. तिथे थांबायचं नाही. सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात, एक ओळ कळली नाही की तीच पाच वेळा वाचतात, आणि बऱ्याचदा तिचं उत्तर दोन ओळी खाली बसलेलं असतं.

पुढची ३ मिनिटं दुसरं वाचन, आणि इथे दोनच गोष्टी शोधायच्या. कोण बोलतंय, कोणाबद्दल, आणि कविता कुठे वळते. वळण म्हणजे जिथे सूर, काळ, जागा किंवा बोलणाऱ्याची बाजू बदलते ती ओळ. "पण", "तरी", "मात्र", "आता", "एकदा" असे शब्द बऱ्याचदा तिथेच असतात, शिवाय क्रियापदाचा काळ बदलला की बघायचं. आपल्या कवितेत वळण ६ व्या ओळीत आहे, "पण" ने सुरू होतं. पानावर तिथे आडवी रेघ मारायची, डावीकडून उजवीकडे, कवितेचे दोन तुकडे दिसले पाहिजेत. ही एक रेघ बाकीच्या सगळ्या रेघांपेक्षा जास्त कामाची आहे असं माझं ठाम मत आहे, कारण उत्तराचा सांगाडा इथेच मिळतो, रेघेच्या वर काय होतं आणि खाली काय झालं.

त्यापुढची ३ मिनिटं: रेघेच्या वरचा आणि खालचा भाग एकमेकांशी जोडायचा. वरचं काय खाली परत आलंय आणि येताना काय बदललंय? ती मुलगी इथे पहिल्यांदा खुलली. आधी म्हणाली "सगळे" दोनदा आलंय. बरोबर, वर गेलेले पण "सगळे" आणि शोधणारे पण "सगळे", तेच लोक. मग तिला दिसलं की वर "पाय" आहे आणि खाली "हात". वर शिडी उभी, खाली आडवी. मग जरा थांबून म्हणाली की वर माणसं चढली होती आणि खाली पाणी चढतंय. हे मला सांगावं लागलं नाही. आणि बघ, ही सगळी निरीक्षणं अलंकारांच्या यादीत कुठेच बसत नाहीत, पण उत्तर यांच्यावरच उभं राहतं.

इथे खुणेचा नियम एकच ठेवला. शब्दाखाली रेघ मारलीस तर बाजूला दोन ते चार शब्द लिहायचे, आणि ते नाव नको, काम पाहिजे. म्हणजे "चेतनगुणोक्ती" नाही, "अंग म्हटल्याने दुखत असेल वाटतं". "विरोध" नाही, "पाय देणारे आता हात मागतात". बाजूला काही लिहायला सुचत नसेल तर ती रेघ खोडून टाक. अलंकाराचं नाव उत्तर लिहिताना वाक्यात येऊ दे, मार्क त्यालाही असतात, पण ते शेवटी येतं, सुरुवात त्याने होत नाही.

शेवटची २ मिनिटं: आधी शेवटची ओळ. शेवटचं क्रियापद काय आहे बघायचं आणि त्याच्या जागी दुसरं ठेवून बघायचं. इथे "शोधतात" आहे. "धरतात" असतं तर? मग हात मिळाला असता, गोष्ट गोड झाली असती. "शोधतात" म्हटल्यामुळे मिळतो की नाही हे कविता सांगत नाही. ती आधी म्हणत होती शेवट आशादायक आहे, हे एक क्रियापद बदलून बघितल्यावर म्हणाली, नाही, अर्धवट सोडलाय. आणि मग सगळ्या खुणांमधून तीनच निवडायच्या, त्यांना १, २, ३ नंबर द्यायचे, याच क्रमाने लिहायचं. बाकीच्या कितीही आवडल्या तरी सोडायच्या. तिने निवडलेल्या तीन: "वरचेच झाले", पाय आणि हात, आणि "शोधतात". यातून पहिलं वाक्य आपोआप आलं, "या कवितेत ज्यांनी शिडीला फक्त वापरलं तेच लोक संकटात तिच्याकडे माणूस म्हणून बघतात, आणि ती हात देईल का हे कवी उघडं ठेवतो." यात आई नाही, शिडी शिडीच आहे, तरी अर्थ मोठा झालाय. प्रतीक लिहायचंच असेल तर "उपयोगापुरतं आठवलं जाणारं कुणीही" एवढंच कवितेतून निघतं, आईचंच नाव घ्यायला एखादा शब्द तरी पाहिजे ना.

रिव्हिजनचं म्हणशील तर ही यादी वाचून पाठ करू नकोस, हाताला पाठ कर. प्रश्न, कोण, वळण, परत काय आलं, शेवटचं क्रियापद, तीन निवड. एवढे शब्द पेपर हातात आल्यावर कच्च्या पानाच्या कोपऱ्यात लिहून टाक, समोर मिनिटं लिही, आणि एक झालं की काट मार. सरावाला पुस्तकातल्या न शिकवलेल्या कविता घे, घड्याळ लाव, आणि दर वेळी पूर्ण उत्तर लिहायची गरज नाही, १० मिनिटं खुणा आणि मग कविता झाकून तीन वाक्यं तोंडी, एवढंच. सुरुवातीला वळण शोधायलाच सगळी मिनिटं जातील, तेव्हा तेवढंच कर, बाकी नंतर जोड. त्या मुलीचंही तसंच झालं, आधी नुसती आडवी रेघ जमायला लागली, मग जोड्या दिसायला लागल्या, आणि तीनच निवडणं सगळ्यात उशिरा जमलं कारण खोडायला तिला जीवावर यायचं.

दोन ठिकाणी ही यादी अडते, ते पण सांगते. एक, प्रश्नचिन्ह नेमकं वळणाच्या ओळीवर पडलं तर मात्र ती सोडून चालत नाही. तेव्हा ओळीतलं क्रियापद आणि कर्ता शोधून ती ओळ साध्या गद्य क्रमाने मनात लाव, कवितेत शब्द मागेपुढे असतात म्हणून बऱ्याच ओळी अवघड वाटतात, शब्द अवघड नसतातच. दुसरं, काही कवितांना वळणच नसतं, एकच भाव हळूहळू वाढत जातो किंवा एकच ओळ ध्रुवपदासारखी परत परत येते. दोन वाचनात वळण सापडलं नाही तर जबरदस्तीने रेघ मारू नकोस, त्याऐवजी पहिलं आणि शेवटचं कडवं शेजारी ठेवून बघ, काय वाढलं, काय कमी झालं, आणि तीच ओळ शेवटी आल्यावर वेगळी का ऐकू येते, तुझ्या तीन खुणा तिथून काढ.