'हॅलो' म्हणून गप्प झालेला फोन

प्रश्न: मी नुकतीच एका भावनिक आधार देणाऱ्या हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून बसायला लागले आहे. काही लोक फोन करतात, "हॅलो" किंवा "नमस्कार" म्हणतात आणि मग पाच-पाच मिनिटं एक शब्द बोलत नाहीत. अशा वेळी काय करायचं? फोन ठेवून द्यायचा का?

उत्तर: लगेच ठेवू नका. आणि आधी घड्याळाकडे बघा. मी सहा वर्षं अशाच एका लाइनवर आठवड्यातून एक दुपार बसते. सुरुवातीला मला जी "पाच मिनिटं" वाटायची, ती कागदावर वेळ लिहायला लागल्यावर दीड-दोन मिनिटंच निघाली. फोनवरची शांतता फार लांब वाटते. त्या घाईत आपण एकतर "हॅलो? हॅलो?" करत सुटतो नाहीतर समोरच्याला उपदेश करायला लागतो, आणि दोन्ही ऐकून माणूस आणखी मिटतो. म्हणून फोन उचलल्याची वेळ लिहून ठेवायची, हे माझं पहिलं काम.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे, पण ती माहीत नसल्यामुळे मी सुरुवातीला बरेच फोन चुकीचे ठेवले असणार. मोबाइलवर माणूस बोलत नसला की त्याचा फोन पूर्ण आवाज पाठवत बसत नाही. आपल्याला जी बारीक खरखर ऐकू येते ती पुष्कळदा आपल्याच बाजूला तयार केलेली असते, लाइन मेली असं वाटू नये म्हणून. तिला कम्फर्ट नॉइज म्हणतात. त्यात हल्लीचे फोन मागचा आवाज गाळतात. म्हणजे हळू श्वास, मुसमुसणं, पंख्याची घरघर आपल्यापर्यंत पोचेलच असं नाही. काही ऐकू येत नाही याचा अर्थ पलीकडे कोणी नाही, असा काढू नका. उलट त्यांचा माइक खरंच बंद असेल तर त्यांना आपण ऐकू येत असतो. म्हणून माझं पहिलं वाक्य दोन्हीकडे चालेल असं असतं: "मला तुमचा आवाज येत नाहीये. बोलायला वेळ लागत असेल तर लागू द्या, मी लाइनवर आहे. फोनचीच गडबड असेल तर परत लावा, मी उचलेन." सुरुवातीलाच नुसतं "आवाज येत नाही, परत फोन करा" म्हणू नका. मोठ्या मुश्किलीने नंबर फिरवलेल्याला ते दार लावल्यासारखं ऐकू येतं.

मग थांबायचं. मी साधारण अर्ध्या मिनिटाने एक वाक्य बोलते, पुढे मिनिटाने एक. प्रत्येक वेळी तेच नाही, आणि "का" विचारणारं तर अजिबात नाही. "काय झालं?" या प्रश्नाला लांब उत्तर द्यावं लागतं, आणि तेच तर त्यांना जमत नसतं. त्यापेक्षा न बोलता उत्तर देता येईल असं विचारा. "बोलणं अवघड जात असेल तर फोनचं कुठलंही एक बटण दाबा, मला कळेल." माइकवर टिचकी मारली तर ती फोन गाळून टाकू शकतो, बटणाचा टू-टू आवाज बहुधा नीट येतो. त्यावर पुढचं: "एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आत्ता तिथे तुमचं बोलणं ऐकणारं कोणी आहे का?" हा प्रश्न मी सगळ्यात आधी घेते, कारण घरातल्याच कुणाच्या भीतीने गप्प बसलेल्या बाईला "मोठ्याने बोला" सांगणं धोक्याचं. पोलिसांची मदत हवी का, हेही असंच विचारता येतं. ब्रिटनमध्ये 999 वर मोबाइलवरून बोलता येत नसेल तर 55 दाबायची सोय आहे. ते व्हॉट्सॲपवर आपल्याकडेही फिरतं, पण ती युक्ती तिथली आहे, इथल्या कुणाला सांगू नका.

जीव द्यावासा वाटतोय का, हेही सरळ त्याच शब्दांत विचारावं. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही भीती खोटी आहे. उत्तर "हो" आलं, जीभ जड झालेली वाटली, श्वास घरघरायला लागला किंवा मागे मारझोड ऐकू आली, तर एकट्याने निस्तरायचं नाही. हात वर करून प्रमुखांना बोलवायचं, लाइन सोडायची नाही, 112 ला कळवायचं ते दुसऱ्या फोनवरून. (खिदळणारी पोरं आणि घाणेरडे फोनही येतात. एकदा स्पष्ट सांगून ठेवायचे, त्यात मन अडकवू नका.)

एक फोन सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. बारावीच्या निकालानंतरची दुपार होती. कोवळा, फाटका आवाज: "नमस्कार." पुढे काही नाही. अर्ध्या मिनिटाने मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. मग मागून काहीतरी घुमल्यासारखं यायला लागलं. दीडाव्या मिनिटाला मी म्हटलं, "कबुतरांचा आवाज येतोय. खिडकीत आहेत वाटतं." सल्ला नाही, प्रश्नही नाही. मी खरंच ऐकतेय एवढंच त्याला कळावं म्हणून. तिसऱ्या मिनिटाला बटणाचं विचारलं, त्यावर काही आलं नाही. मग माझ्याच मनात आलं की हा फोन खिशात राहिलाय. सहाव्या मिनिटाला आवाज आला, "ताई, अजून आहात का?" तो मुद्दाम बघत होता, मी कधी ठेवते ते. त्यानंतर जेमतेम चार वाक्यं बोलला असेल. मी जीव द्यावासा वाटतोय का विचारलं, तो "नाही, पण घरी सांगता येत नाहीये" म्हणाला, तेवढ्यात खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला आणि फोन कट.

असं अर्धवट तुटतं, म्हणून शेवटचं वाक्य शेवटासाठी राखून ठेवू नका. चौथ्या मिनिटालाच मी त्याला सांगून ठेवलं होतं की मध्येच ठेवावं लागलं तर खुशाल ठेव, परत लाव, मी नसले तर दुसरं कोणी उचलेल. आमची लाइन रात्री बंद असते, त्यामुळे सरकारच्या टेलि-मानसचा 14416 हा नंबरही सांगते. तो चोवीस तास आणि फुकट आहे. कुणीच बोललं नाही तर आम्ही दहा मिनिटं थांबतो आणि ठेवण्याच्या दोन मिनिटं आधी तसं सांगतो. तुमच्या संस्थेचा नियम वेगळा असेल तर तो पाळा, पण न सांगता ठेवू नका.

आणि गप्प फोनचीही नोंद लिहा. "कोणी बोललं नाही" एवढीच नको, ऐकलं ते सगळं लिहा. मी लिहिलं होतं: मुलगा, निकाल, कबुतरं, घरी सांगता येत नाही, स्कूटर आली. दुसऱ्या दिवशी माझी पाळी नव्हती. त्याने फोन केला, "नमस्कार" म्हणाला आणि पुन्हा गप्प. माझ्या सहकाऱ्याने नोंद वाचलेली होती. त्याने थोडं थांबून विचारलं, "आज कबुतरं आहेत का रे?"