स्प्रेला न जुमानणारी झुरळं

प्रश्न: स्प्रेची कंपनी बदलली तरी झुरळं मरत नाहीत. असं का?

उत्तर: डबा बदलला, औषध तेच राहिलं असणार. मागचं बारीक अक्षर वाचा: सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, इमिप्रोथ्रिन हे सगळे पायरेथ्रॉइड या एकाच गटातले. काही झुरळांच्या मज्जातंतूंत हे औषध जिथे चिकटतं ती जागाच जन्मतः वेगळी असते. तीच वाचतात, आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या झुरळाच्या एका अंडकोशातून 30-40 पिल्लं निघतात.

म्हणून वेगळ्या गटातल्या फिप्रोनिलचं जेल बिजागऱ्यांपाशी, सिंकखाली मसुरीएवढ्या थेंबांनी लावा. त्यावर स्प्रे नको, मग झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. साधारण 3 महिन्यांनी पुन्हा औषध बदलून इंडोक्साकार्बचं जेल घ्या. झुरळं जेल चाखून मागे फिरत असतील, तर अडचण विषाची नसून आमिषातल्या ग्लुकोजची असू शकते; काहींना ते कडू लागतं. तेव्हा वेगळ्या आमिषाचं जेल आणा.