टाकी फुल ते टाकी फुल : ॲव्हरेज कधी ३५, कधी १० का येतं?

प्रश्न : पेट्रोलच्या पावत्यांचे फोटो मोबाइलमध्ये आहेत, किलोमीटर वहीत लिहितो. पण हिशेब केला की ॲव्हरेज कधी १९, कधी ३५, कधी १० येतं. चुकतंय कुठे?

उत्तर : दर वेळच्या भरण्याचा वेगळा हिशेब करताय, तिथे चुकतंय. हजाराचं पेट्रोल टाकलं तेव्हा टाकीत आधी किती होतं ते तुम्हाला ठाऊक नाही, मग त्या हजारात गाडी किती धावली हे कळणार कसं? टाकीची एकच पातळी आपल्याला खात्रीने माहीत असते, ती म्हणजे काठोकाठ. म्हणून हिशेब एका फुल टाकीपासून दुसऱ्या फुल टाकीपर्यंतच करायचा.

माझ्या वहीतलं जूनचं पान सांगतो. गाडी इंदूरमध्येच फिरते, फार तर उज्जैनची एखादी चक्कर. २ तारखेला टाकी फुल केली, मीटर ४१,२३६. ९ तारखेला हजाराचं टाकलं, ९.३९ लिटर, मीटर ४१,४१०. १७ ला पाचशेचं, ४.६९ लिटर, मीटर ४१,५९८. २६ ला पुन्हा फुल, २३.७२ लिटर, २,५२६.१८ रुपये, मीटर ४१,८२६. भाव सगळीकडे १०६.५०. तुमच्या पद्धतीने काढलं तर १७ तारखेचं ॲव्हरेज ४० येतं आणि २६ चं साडेनऊ. गाडी तीच, रस्तेही तेच!

आता नीट काढू. दोन फुल टाक्यांमधलं अंतर ५९० किलोमीटर. त्या काळात पोटात गेलेलं पेट्रोल म्हणजे ९, १७ आणि २६ तारखेचं मिळून ३७.८० लिटर. २ तारखेचे लिटर धरायचे नाहीत, ते त्याआधीच्या प्रवासाची भरपाई होते. इथे बहुतेक जण घसरतात. ५९० भागिले ३७.८०, म्हणजे लिटरला १५.६. पैसे ४,०२६.१८, म्हणजे किलोमीटरला ६ रुपये ८२ पैसे. हा फक्त पेट्रोलचा खर्च, सर्व्हिसिंग आणि विमा यात नाही.

शीटमध्ये भरत असाल तर B मध्ये मीटर, C मध्ये लिटर, D मध्ये भाव, E मध्ये रुपये ठेवा. वरच्या चार नोंदी ओळ २ ते ५ मध्ये आल्या, तर :

```
=(B5-B2)/SUM(C3:C5)
=SUM(E3:E5)/(B5-B2)
=C5*D5-E5
```

बेरीज C3 पासून सुरू होते, C2 पासून नाही, हे बघून ठेवा. तिसरं सूत्र फोटो वाचताना झालेली चूक पकडायला आहे. पंपाच्या पावतीवरचा ३ आणि ८ पुसट छपाईत सारखेच दिसतात. २३.७२ चं २८.७२ वाचलं गेलं तर गुणाकार ३,०५८ वर जातो आणि चूक लगेच उघडी पडते. लिटर दोनच दशांशांपर्यंत छापलेले असल्यामुळे अर्ध्या रुपयाच्या आसपासचा फरक सोडून द्या. फोटो मात्र पंपावरच काढा. तो कागद उष्णतेने छापणारा असतो. मे महिन्यात डॅशबोर्डवर राहिलेली माझी एक पावती संध्याकाळपर्यंत काळी पडली होती.

मधल्या भरण्याचं मीटर लिहायचं राहिलं तर काही बिघडत नाही, फक्त फुल टाकीचे आकडे हवेत. वहीत त्यांच्यापुढे ‘फु’ लिहीत जा. आणि आकडा एकूण किलोमीटरचा लिहा, ट्रिप मीटरचा नको. आमच्या घरी सौ. गाडी नेतात तेव्हा हमखास ट्रिपचा आकडा येतो.

पावतीच हरवली तर मात्र पंचाईत. वरच्या हिशेबातून पाचशेची पावती गळली असती तर ॲव्हरेज १७.८ आलं असतं, आणि मी खूश होऊन गप्प बसलो असतो. ॲव्हरेज घसरलं की माणूस वही उघडतो, वाढलं की कोणी तपासत नाही. म्हणून अचानक वाढलेल्या आकड्याकडे आधी बघा. मोबाइलने पैसे दिले असतील तर रक्कम व्यवहारांच्या यादीत सापडते, तिला त्या दिवशीच्या भावाने भागलं की लिटर मिळतात. रोख दिले असतील आणि काहीच आठवत नसेल, तर तो टप्पा सोडून पुढच्या फुल टाकीपासून नवीन सुरुवात करा. अंदाजाने आकडा टाकू नका.

‘फुल’ म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होतं तिथे. त्यानंतर पंपावरचा मुलगा ‘राउंड कर दूं?’ विचारतो, त्याला नाही म्हणा. एखाद्या वेळी लिटरभर जास्त गेलं तर वरच्या हिशेबात ॲव्हरेज १५.६ चं १५.२ होतं. त्यामुळे दशांशातल्या चढउतारावरून मेकॅनिककडे धावू नका. तीन-चार टप्पे एकत्र करून पहिल्या ‘फु’ पासून शेवटच्या ‘फु’ पर्यंत तोच भागाकार केला, की ही वरची-खालची गडबड बरीचशी विरून जाते.