श्रद्धांजलीच्या लेखात ओवी, म्हण किंवा अवतरण अर्थपूर्ण कसे वापरावे?

प्रश्न: वडिलांच्या सहकारी शिक्षिकेवर श्रद्धांजलीपर लेख लिहीत आहे. त्यात एखादी ओळ घालायची आहे, पण ती नुसती सजावट वाटू नये. काय करावे?

उत्तर: आधी प्रसंग लिहावा आणि ओळ त्याच्यानंतर आणावी. ‘मरावे परी कीर्तिरूपे उरावे’ ही ओळ कोणत्याही दिवंगत व्यक्तीला लागू पडते, म्हणूनच ती बाईंविषयी वेगळे काही सांगत नाही.

समजा, मुलांना वेळ पाळायला सांगणाऱ्या बाई एकदा स्वतः उशिरा आल्या आणि त्यांनी वर्गासमोर उभे राहून मुलांची क्षमा मागितली. हा प्रसंग सांगून झाल्यावर तुकोबांचे ‘बोले तैसा चाले’ एवढे तीनच शब्द लिहिले, तर वाचक उरलेला चरण मनातच पूर्ण करतो आणि त्यातले वंदन आपोआप बाईंना पोहोचते. हीच ओळ आरंभी ठेवली, तर ती केवळ दावा ठरते.

लिहून झाल्यावर ती ओळ झाकून परिच्छेद वाचावा. काहीच उणे वाटले नाही, तर ती काढून टाकावी. एका लेखाला असे एक अवतरण पुरते, असे माझे ठाम मत आहे. शब्द आणि कवीचे नाव मात्र छापील प्रतीवरून ताडून पाहावे, कारण फिरत्या संदेशांत दोन्ही बदललेले असतात.