न्यूमोथोरॅक्स की प्ल्युरल इफ्युजन?
प्रश्न: एक्स-रेच्या वर्णनात ‘मीडियास्टिनम विरुद्ध बाजूला सरकलेलं’ असं दिलं की माझा दर वेळी गोंधळ होतो. दोघांत फरक कसा ओळखायचा?

उत्तर: त्या ओळीवर उत्तर ठरवूच नका. हवा खूप साठली तरी मीडियास्टिनम ढकललं जातं आणि पाणी खूप साठलं तरीही. आधी बघा, ती बाजू काळी म्हटलीय की पांढरी.

काळी असेल तर फुप्फुसाच्या कडेची बारीक पांढरी रेघ शोधा. रेघेच्या बाहेर रक्तवाहिन्यांच्या खुणा अजिबात नसतील, तर न्यूमोथोरॅक्स. मात्र त्वचेची घडीही अशी रेघ दाखवते. तिच्या पलीकडे खुणा चालू राहतात. पांढरी असेल आणि कॉस्टोफ्रेनिक कोन बोथट होऊन वरची कड बरगड्यांकडे वाटीसारखी चढत असेल, तर इफ्युजन. उभ्याने काढलेल्या समोरच्या फिल्मवर कोन बुजायला साधारण 200 मिली पाणी लागतं.

आता खरा सापळा. समजा, प्रश्न असा आहे: छातीत चाकू लागलेला तरुण, उजवीकडे खाली पांढरं, वर काळं, मधली रेषा पट्टीने आखल्यासारखी आडवी. बरेच जण ‘इफ्युजन’वर खूण करतात. पण नुसत्या पाण्याची कड वाकडी असते. सरळ पातळी दिसायला वर मोकळी हवा लागते. म्हणजे हे हायड्रोन्यूमोथोरॅक्स, आणि इथे जखम असल्याने पाण्याऐवजी बहुधा रक्त.

रुग्ण आडवा असेल तर यातलं बरंच लागू पडत नाही. पाणी पाठीमागे पसरून ती बाजू नुसती धुरकट दिसते, हवा पुढे येते आणि कॉस्टोफ्रेनिक कोन उलट जास्तच खोल, काळा दिसतो.