आईला सोबतीला येणारी बाई नको आहे, काय करू?

आई ७८ वर्षांची, एकटी राहते, मी परदेशात. आठवड्यातून दोनदा कोणीतरी तिच्याकडे जावं अशी सोय केली, पण ती म्हणते, "मला राखण नको."

"सोबत" हा शब्दच काढू नका. त्या बाईंना एखादं ठोस काम द्या, तेही आईला खरंच अडणारं. माझ्या वडिलांनीही पहिल्या माणसाला दारातूनच परत पाठवलं होतं. दुसरा आला तो जुने फोटो लावून द्यायला. फोटोतल्या माणसांची नावं फक्त वडिलांनाच ठाऊक, त्यामुळे सांगणारे ते आणि लिहून घेणारा तो. तीन आठवड्यांनी तेच त्याची वाट पाहू लागले.

वार आणि वेळ मात्र ठरलेली हवी, आणि माणूस तोच. दर वेळी नवा चेहरा आला की ओळखीतच तास जातो.

येणाऱ्या व्यक्तीने गोळ्यांच्या डबीकडे सहज नजर टाकावी. आमच्याकडे सोमवारी भरलेल्या डबीत गुरुवारी मंगळवार-बुधवारचे रात्रीचे कप्पे भरलेलेच दिसले. विसरभोळेपणा वाटला, पण खरं कारण वेगळंच होतं: एकट्यासाठी कोण रांधणार म्हणून वडील रात्री जेवतच नव्हते, आणि गोळी जेवणानंतरची. फोनवर रोज "जेवलो" म्हणायचे! डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलली आणि एक भेट संध्याकाळी जेवणाच्या वेळेला नेली.

हे पाहणं आईपासून लपवू नका. मागून चौकशी होतेय असं कळलं तर दार पुन्हा बंद होईल. आणि पैशांचे व्यवहार त्या बाईंकडे अजिबात देऊ नका.